भिंतीच्या आतले

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरले तेव्हा हा भाग भूकंपाच्या सरकारी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. त्या विभागाचा खरा अर्थ 'येथे मोठा भूकंप झाल्याचे आम्हांला ठाऊक नाही' एवढाच होता. वाचला गेला तो मात्र 'येथे भूकंप होणार नाही' असा. १९६७च्या कोयनेनंतर तरी हा फरक ध्यानी यावयास हवा होता. २००२ साली पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. नकाशावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला अधिक उद्बोधक वाटते ती नंतरची, उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती.

मराठवाड्यातील माळवदाच्या घराची जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते. आत बहुधा दोन वेगळ्या दगडी भिंती असतात आणि मधली पोकळी माती-चिपांनी भरलेली असते. दोन्ही तोंडांना सांधणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्याने भिंतीला पोट सुटते आणि ती ढासळते. वर पांढऱ्या मातीचे माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी त्यावर नवा थर घालायचा, जुना काढायचा नाही; वर्षानुवर्षे ओझे वाढत जाते.

आता पाहणीला आलेल्या अभियंत्याची अवस्था पाहा. गिलाव्याआड आरपार दगड आहेत की नाहीत, हे त्याच्या पदवीला दिसत नाही. भिंत ठोकून जाणत्यासारखी मान हलवणे सोपे असते (आपल्याकडे ही कला सर्वच क्षेत्रांत बहरलेली आहे), पण त्या अंदाजाखाली निजणारे दुसरेच असतात. म्हणून त्याने उघड म्हणावे: "आतले मला दिसत नाही. भिंत कोणी बांधली, कशी बांधली, माती किती वेळा चढवली, ते तुम्ही सांगा." त्यात लाजण्यासारखे काही नाही. उलट नेमके काय ठाऊक नाही हे सांगता येण्यासाठीच भिंतीचे शास्त्र यावे लागते. 'काही कळत नाही' म्हणणाऱ्यापुढे मालक गप्प बसेल. या प्रश्नावर तो बोलू लागतो.

जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमले गेले. त्यांना अभियांत्रिकी येत नव्हती आणि येत असल्याचा आव आणण्याचे कारणही नव्हते. सळई कशाला, दगड का काढायचा, हे अभियंत्याला विचारायचे आणि घरोघर सांगायचे, हे त्यांचे काम. मला तर वाटते, त्या नेमणुकीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती.

उपाय साधा आहे. हलक्या हाताने दगड काढून भिंतीत आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. अशी भोके साधारण मीटर-मीटर अंतरावर. त्यासोबत माळवदाची जादा माती उतरवायची, नाहीतर सांधलेल्या भिंतीवरही ओझे तेच राहते. कधी मालकालाही काही ठाऊक नसते. घर आजोबांच्या काळातले असते. तोही तसे म्हणाला, की कोपरा सोडून मध्यावरचा एक दगड काढून दोघांनी आत पाहायचे.