नाव निळीचे, कूळ बेंझीनचे

रसायनशास्त्राचा विद्यार्थी ‘ॲनिलीन’ हा शब्द परका समजून पाठ करतो. खरे तर तो आपल्याच घरून निघून वेश बदलून परतला आहे. संस्कृतातले ‘नील’ अरबीत ‘अन्-नील’ झाले, पोर्तुगिजांनी त्याचे ‘अनिल’ केले आणि 1840 मध्ये फ्रित्शे यांनी निळीवर दाहक पोटॅशची क्रिया करून मिळवलेल्या तेलाला त्यावरून ‘ॲनिलीन’ म्हटले. नावावरून कूळ ठरवायचे तर शोध इथेच संपतो. पण हे नाव फसवे आहे. ॲनिलीनचे कूळ शोधायचे ते बेंझीनवर नायट्रो गट बसवून त्याचा अमाइन गट करण्याच्या दोन पायऱ्यांत.

याला पहिला पुरावा त्याच पदार्थाच्या इतर नावांचा. उन्फेरडोर्बेन यांना तो 1826 मध्ये निळीच्या ऊर्ध्वपातनात मिळाला. 1834 मध्ये रुंगे यांना कोळशाच्या डांबरात सापडला. ब्लीचिंग पावडरने त्याला निळा-जांभळा रंग येई, म्हणून त्यांनी ‘क्यानोल’ हे नाव दिले. 1842 मध्ये कझानच्या झिनिन यांनी नायट्रोबेंझीनवर अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइडची क्रिया करून ‘बेंझिडाम’ मिळवले. ही सगळी नावे एकाच पदार्थाची आहेत, हे हॉफमन यांनी 1843 मध्ये दाखवले. यांतल्या बाकीच्यांनी निळीतून किंवा डांबरातून तो वेगळा काढला. झिनिन यांनी तो बेंझीनच्या घराण्यातून घडवला. रुंगे आधीचे, मग मान डांबराला का नको, असे कोणी विचारील. कारण डांबरात ॲनिलीन नावापुरते असते, बेंझीन मात्र भरपूर. 1854 मध्ये बेशाँ यांनी लोखंडाचा कीस आणि ॲसेटिक आम्ल वापरून झिनिन यांची पायरी स्वस्त केली आणि पर्किन यांच्या 1856 च्या जांभळ्या रंगाचा कारखाना त्याच वाटेने आलेल्या ॲनिलीनवर उभा राहिला.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नायट्रेशन कशामुळे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरी कारखाने चाललेच ना? चालले, पण अंदाजाने. नायट्रिक आम्लात सल्फ्युरिक आम्ल घालतात ते पाणी शोषण्यासाठी, एवढीच समजूत बराच काळ होती. निकाल लागला गोठणबिंदूवर. विरघळलेल्या पदार्थाचे जितके कण होतात, तितक्या प्रमाणात द्रावणाचा गोठणबिंदू उतरतो. हान्ट्श यांच्या मोजमापात नायट्रिक आम्लाच्या एका रेणूचे सल्फ्युरिक आम्लात सुमारे तीन कण होत होते. 1946 च्या सुमारास लंडनमध्ये इंगोल्ड, ह्यूज आणि गिलेस्पी यांनी काटेकोर मोजले तेव्हा ते चार भरले. चाराचा हिशेब पुढील समीकरणानेच जुळतो:

HNO₃ + 2H₂SO₄ ⇌ NO₂⁺ + H₃O⁺ + 2HSO₄⁻

सल्फ्युरिक आम्ल नायट्रिक आम्लाला प्रोटॉन देते, त्यातून पाणी सुटते आणि उरतो नायट्रोनियम आयन. धनभार असल्याने तो बेंझीनच्या इलेक्ट्रॉनांकडे ओढला जातो, वलयावर बसतो आणि तिथला हायड्रोजन प्रोटॉन होऊन निघून जातो. मिश्रणात पाणी वाढले की आयन कमी होतो आणि क्रिया मंदावते, हेही यातून उलगडते. तापमान साधारण 50 ते 60 अंशांवर ठेवायचे कारणही याच चित्रात सापडते. नायट्रो गट बसला की तो वलयातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे पुढचा आयन सहजी बसत नाही. पण मिश्रण जास्त तापले तर तो अडसर ओलांडला जातो आणि कडू बदामाच्या वासाच्या पिवळसर नायट्रोबेंझीनमध्ये डायनायट्रोबेंझीन मिसळते.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूवर उलटतो. वाट इतकी चोख असती, तर पर्किन यांचा रंग शुद्ध बेंझीनपासूनही निघायला हवा होता. तो निघत नाही. त्यांच्या बेंझीनमध्ये टोल्यूइन होते. त्याचेही नायट्रेशन आणि मग क्षपण होऊन टोल्यूइडीन झाले आणि त्या भेसळीशिवाय जांभळा रंग बनलाच नसता. हे कबूल. पण ती भेसळही याच दोन पायऱ्या चढून आली होती.

महाराष्ट्रात या वाटेचा पत्ता होता रायगड जिल्ह्यातले रसायनी. 1960 साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सने तिथे नायट्रोबेंझीन आणि ॲनिलीन, दोन्ही बनवले. त्यासाठी निळीचे एक रोपही लागले नाही. उलट, 1901 मध्ये फ्लेगर यांनी कृत्रिम निळीची कृती सुधारल्यावर ॲनिलीनपासूनच स्वस्तात नीळ तयार होऊ लागली. जिच्यावरून नाव पडले, ती नीळ आता त्याच्याच पोटी जन्मते.