नळ बंद केला की भिंतीत ठोका का पडतो? पाण्याच्या हातोड्याचा इतिहास

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपण मीरा रोडच्या एका फ्लॅटपासून करू. चौदा मजली इमारत, आपण सातव्या मजल्यावर. रात्री अकरा वाजता वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरून होतं आणि भिंतीच्या आत ‘ठक्!’ असा आवाज येतो. खालचे शेजारी सकाळी विचारतात, ‘रात्री काय ठोकत होता हो?’ आपण म्हणतो, ‘आम्ही काहीच केलं नाही.’ दोघंही खरं बोलत असतात. ठोकणारा हातोडा पाण्याचा असतो.

आता हे नीट समजून घेऊ. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या मोठ्या लाइनपासून आपल्या मशीनपर्यंत अर्ध्या इंचाचा साधारण १२ मीटर पाइप आहे असं धरा. त्यात सुमारे दोन लिटर, म्हणजे दोन किलो पाणी आहे. मशीन भरत असताना ते सेकंदाला एक मीटर या वेगाने पुढे सरकतं, म्हणजे आपल्या सावकाश चालण्याइतकं. झडप अचानक मिटली की सगळ्यांत पुढचं पाणी थांबतं, पण मागच्या पाण्याला ही बातमी अजून कळलेली नसते. ते पुढच्यावर आदळतं, दाबलं जातं, मग थांबतं. गर्दीच्या जिन्यावर पुढचा माणूस एकदम थांबला की काय होतं, तसंच हे. थांबण्याची ही बातमी दाबाच्या लाटेच्या रूपाने मागे धावते, मोठ्या लाइनपर्यंत जाते आणि तिथून परतते. पाइप हादरतो, भिंतीवर आपटतो. आपल्याला ऐकू येतो तो हा ठोका.

या धक्क्याची ओळख माणसाला झाली ती तोट्यातूनच, पण त्याचा फायदाही लवकर लक्षात आला. १७७२ साली इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात जॉन व्हाइटहर्स्ट नावाच्या घड्याळजीने एक युक्ती केली. तिथल्या एका वाड्याच्या स्वयंपाकघरात सुमारे ६०० यार्ड लांबीच्या नळीतून पाणी येत असे. तिथला नळ बंद झाला की जो धक्का बसे, त्याच्या जोरावर त्याने थोडं पाणी उंचावरच्या हौदात चढवलं. धक्का सांभाळायला हवा भरलेलं एक भांडं जोडलं. हे हवेचं भांडं लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. पुढे १७९६ मध्ये फ्रान्समध्ये माँगोल्फिए यांनी नळ बंद करायला माणूस लागणार नाही अशी, आपोआप मिटणारी झडप बसवली आणि त्यातून ‘हायड्रॉलिक रॅम’ हा पंप तयार झाला.

पण धक्का नेमका किती मोठा? याचं पक्कं उत्तर मिळालं मॉस्कोत. तिथे पाणीपुरवठ्याचे मोठे नळ फुटत होते. १८९७-९८ मध्ये निकोलाय झुकोव्स्की यांनी दोन, चार आणि सहा इंची, शेकडो मीटर लांब नळ टाकून त्यांची तोंडं झटक्यात बंद केली आणि ठिकठिकाणी दाब मोजला. निष्कर्ष साधा होता. धक्का पाण्याच्या मूळ दाबावर अवलंबून नसतो. पाण्याचा जेवढा वेग थांबवला तो, गुणिले लाटेचा वेग, गुणिले पाण्याची घनता, एवढाच तो असतो.

हे गणित आपल्या फ्लॅटला लावू. लोखंडी जीआय पाइपात लाट सेकंदाला साधारण १३०० मीटर धावते. म्हणजे सेकंदाला एक मीटरचा प्रवाह झटक्यात थांबवला, तर दाब सुमारे १३० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका वाढतो. सातव्या मजल्यावर आपला रोजचा दाब जेमतेम २१ मीटरचा! प्लास्टिकच्या पाइपाच्या भिंती थोड्या ताणल्या जातात, त्यामुळे लाट मंदावते आणि धक्का साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण तेच ताणणं-आकसणं वर्षानुवर्षं चाललं, तर सांधे थकतात.

‘झटक्यात’ म्हणजे किती वेळात? लाट जाऊन परत यायच्या आत. आपल्या १२ मीटरच्या लोखंडी पाइपात हे जाणं-येणं सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकतं. त्याहून जास्त वेळ घेतला, तर परतलेली लाट दाब कमी करू लागते. दांडीचा नळ आपण सेकंदाच्या दहाव्या भागात मिटवला, तर वाढ सुमारे २५ मीटरपर्यंत जाते. दोन सेकंद लावले, तर जेमतेम एक-सव्वा मीटर. जुने फिरवायचे नळ का ठोकत नव्हते, हे आता कळेल. ते मिटायलाच वेळ लागायचा. मशीनची विजेवरची झडप मात्र आपला हात थांबवू शकत नाही, म्हणून तक्रार बहुधा तिचीच असते.

उपाय याच गणितातून निघतात. पहिला, फुकटचा उपाय: मशीनच्या मागचा अँगल कॉक अर्धवट बंद करा. प्रवाह निम्मा झाला की धक्काही निम्मा. मशीन भरायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच. खालच्या मजल्यांवर मूळ दाबच जास्त असतो, त्यामुळे पाणी जोरात धावतं. तिथे दाब कमी करणारी झडप बसवली तर वेग आवरतो.

दुसरा उपाय म्हणजे व्हाइटहर्स्टचं हवेचं भांडं. नळाजवळ एक उभी, वरून बंद नळी ठेवली की तिच्यातली हवा उशीसारखी दबते. अडचण अशी की ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि नळी पाण्याने भरते. आधी गप्प झालेला ठोका काही महिन्यांनी परत आला, तर हेच कारण समजा. मग लाइन पूर्ण रिकामी करून नळीत पुन्हा हवा येऊ द्यावी लागते. आत रबरी पडदा किंवा दट्ट्या असलेला तयार शोषक मिळतो. त्यात हवा वेगळी राहते. तो झडपेच्या अगदी जवळ बसवावा, लांब बसवला तर मधला पाइप ठोकतच राहतो.

हीच कल्पना आपल्या महाराष्ट्रात डोंगराएवढ्या मापात पाहायची असेल, तर कोयनेला जा. जलाशयातून पोफळीच्या वीजगृहाकडे पाणी जवळपास पावणेचार किलोमीटरच्या बोगद्यातून येतं. विजेची मागणी एकदम घटली की टर्बाइनकडे जाणारं पाणी रोखावं लागतं. तेवढं पाणी धावत असताना त्याला थांबायला जागा हवी, म्हणून बोगद्याच्या शेवटी उल्लोळ विहीर खोदली आहे. पाणी तिच्यात वर चढतं, खाली येतं आणि शांत होतं.

शेवटी, ठोका ओळखायचा कसा? नळ मिटताक्षणी एकच ठोका पडला, तर तो पाण्याचा हातोडा. नळ अर्धवट उघडा असताना घरघर झाली, तर बहुधा वायसर सैल आहे. पंप थांबताच तळमजल्यावर ‘धडाम’ झालं, तर ती उलटं येणारं पाणी अडवणारी झडप आपटते आहे. गीझरच्या लाइनमध्ये टकटक आली, तर पाइप तापून लांबतो आहे. आणि एक सावधगिरी: प्लंबरने पाइपाला क्लॅम्प ठोकून आवाज बंद केला, तरी आतला दाब तेवढाच राहतो. पाइप आपटायचा थांबला हे चांगलंच, पण सांध्यावरचा मार चालू असतो, आणि त्याची खबर मग शेजाऱ्यांच्या छतावरच्या ओलीतून मिळते. म्हणून क्लॅम्प जरूर लावू, पण आधी अँगल कॉक फिरवून बघू.