मायन्यापासून ‘आपला विश्वासू’पर्यंत

दहावीच्या सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका संध्याकाळपर्यंत फोटो होऊन पालकांच्या गटावर फिरू लागते. मराठीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाचा विभाग असतो. त्यात एक चौकट, चौकटीत एखाद्या रोपवाटिकेचे निवेदन आणि खाली दोन कृती असतात : विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची मागणी करणारे पत्र लिहा, किंवा उपक्रमाबद्दल अभिनंदन करणारे पत्र लिहा. फोटो घाईत काढलेला असला की नेमका मधला ‘किंवा’ सावलीत जातो किंवा चौकटीचा कोपरा कापला जातो. मग एकाच पत्रात मागणीही येते आणि अभिनंदनही. शिकवणाऱ्याला हा घोटाळा लगेच ओळखू येतो, कारण विषयाच्या ओळीत ‘आणि’ असतो. औपचारिक पत्राला विषय एकच असतो. ही शिस्त कुठून आली, हे पाहायचे तर दप्तरखान्यात जावे लागते.

मराठी पत्राला साचा होता आणि तो आजच्यापेक्षा कडक होता. हेमाद्रीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘मेस्तकां’त कोणाला कसे लिहावे याचे नियम आहेत. शेजारच्या गुजरातेत ‘लेखपद्धति’ हा पत्रांच्या नमुन्यांचा संस्कृत संग्रह होता. शिवकाळ आणि पेशवाईतल्या कारकुनाच्या हातात हा साचा मुरलेला होता. कागदावर प्रथम आडवी रेघ ओढायची आणि तिला मोडी अक्षरे लटकवत जायचे. शब्द तोडायचे नाहीत आणि विरामचिन्हे तर नव्हतीच. सगळा मजकूर असा सलग असल्यामुळे वाचणाऱ्याला वाट दाखवायचे काम ठरलेले शब्द करत. वर ‘श्री’, मग मायना : ‘राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी’. त्याच्या मागोमाग लिहिणाऱ्याचे नाव आणि नमस्कार, दंडवत, रामराम किंवा आशीर्वाद. मग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ असे काहीसे. ‘विशेष’ हा शब्द आला की वाचणारा सावध होई, कारण खरे काम तिथून सुरू होई.

मायना चुकणे ही त्या काळी साधी चूक नव्हती. कोणाला ‘तीर्थरूप’, कोणाला ‘चिरंजीव’, कोणाला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ हे नाते, वय, पद आणि जात पाहून ठरे. एक पायरी खाली लिहिले की अपमान होई. पत्र कोणाकडून आले आणि तो स्वतःला कोणत्या पायरीवर समजतो, हे पहिल्या ओळीतच उघड होई. आज ‘महोदय’ या एका शब्दात ती सगळी उतरंड मोडली आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. दहावीतली मुलगी जिल्हाधिकाऱ्यांना आणि रोपवाटिकेच्या मालकाला एकाच संबोधनाने लिहू शकते.

पत्राच्या दुसऱ्या टोकाला प्रश्न वेगळा होता. लिहून संपलेल्या पत्राखाली जागा उरली तर तिथे कोणीही आणखी दोन ओळी घालू शकत असे. म्हणून शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा असते : मजकुराची हद्द इथे संपली. ‘बहुत काय लिहिणे’, ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’ हे शब्दही त्याच कामाचे. मूळ मजकूर कारकुनाच्या अक्षरात असे. त्यामुळे पत्र खरे आहे हे मुद्रेवरून कळे, आणि कधी मालकाने शेवटी स्वतःच्या हाताने घातलेल्या ओळींवरून.

इंग्रजी अमदानीत हा क्रम उलटापालटा झाला. कचेरीत आलेला प्रत्येक कागद नोंदवहीत चढवायचा, तर तारीख, कोणाला आणि कशाबद्दल या तीन गोष्टी पत्र न वाचता दिसायला हव्यात. जुन्या पत्रात बहुधा तळाशी येणारी तारीख वर गेली. ‘विशेष’च्या पुढे दडलेले काम ‘विषय’ या वेगळ्या ओळीत आले. सुरुवातीला मायन्यामागे येणारे लिहिणाऱ्याचे नाव शेवटी सहीच्या जागी गेले, आणि इंग्रजी पत्राच्या समारोपावरून ‘आपला आज्ञाधारक’, ‘आपला विश्वासू’ आले. जुने मायने मेले नाहीत, ते घरगुती पत्रात आटून राहिले. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. त्या एवढ्याशा जागेत ‘ती.’, ‘चि.’, ‘रा. रा.’, ‘सा. न. वि. वि.’ ही संक्षेपाक्षरे चांगली उपयोगी पडली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 मध्ये भाषा संचालनालय निघाले आणि 1964 चा राजभाषा अधिनियम आला. सरकारी टपाल मराठीत आले, पण साचा कचेरीचाच राहिला.

शाळेतही तोच साचा पोहोचला. माझ्या पिढीने पत्ता उजवीकडे लिहिला आणि उत्तराखाली चौकोन आखून पाकीट काढले. 2018 च्या दहावीच्या पाठ्यपुस्तकापासून पत्र ई-मेलच्या रूपात लिहायचे ठरले. सगळ्या ओळी डावीकडून सुरू होतात, शेवटी ई-मेलचा पत्ता येतो आणि पाकीट लागत नाही. दोन्ही साचे एकाच पत्रात मिसळणे ही मुलांची नेहमीची चूक आहे. घरी मोठी माणसे जुना साचा सांगतात, वर्गात नवा शिकवतात.

फोटोतल्या रोपवाटिकेचे पत्र सोडवून पाहू. शाळेने शंभर शब्दांची मर्यादा दिली आहे असे धरू.

दिनांक : 20 जून 2025
प्रति,
मा. व्यवस्थापक,
(चौकटीतले नाव व पत्ता)
विषय : वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी करण्याबाबत.
महोदय,
मी शाळेचा विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने हे पत्र लिहीत आहे. 5 जुलैला आमच्या मैदानाभोवती वृक्षारोपण आहे. त्यासाठी कडुनिंबाची 20, करंजाची 15 आणि आवळ्याची 10 रोपे हवी आहेत. आपल्या निवेदनात शाळांसाठी सवलत वाचली. ती वजा करून बिल शाळेच्या नावे द्यावे. रोपे 4 जुलैला दुपारपर्यंत शाळेत पोहोचवावीत. रक्कम रोपे मिळताच देऊ. या मागणीस मुख्याध्यापकांची परवानगी आहे.
आपला विश्वासू,
अ. ब. क.
(विद्यार्थी प्रतिनिधी)
(शाळेचे नाव व पत्ता)
ई-मेल : abc@xyz.com

महोदयपासून विश्वासूपर्यंतचा मजकूर साठ शब्दांच्या आसपास आहे. मर्यादेत अजून जागा आहे, पण भरायची गरज नाही. माल देणाऱ्याला हवे ते सगळे आले आहे : काय, किती, कधी, कुठे आणि पैसे कसे. मुले जागा भरायला झाडांचे महत्त्व लिहितात. रोपवाटिकेच्या मालकाला ते कोणी सांगायला नको, आणि एवढे करून रोपांची संख्या मात्र राहून जाते. पत्र तपासताना मी आधी आकडे शोधतो. आकडे नसतील तर साचा कितीही बिनचूक असो, त्या पत्रावर रोपे येणार नाहीत.

सवलतीचा तपशील चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो, आणि फोटोत पहिल्यांदा तोच कापला जातो. म्हणून पालकांना एकच विनंती : प्रश्नपत्रिकेचा फोटो पाठवताना पानाचे चारही कोपरे येऊ द्या.