अंतर्गत गिलाव्यासाठी सिमेंट व वाळूचे परिमाण

अंतर्गत गिलाव्यासाठी सिमेंट व वाळूचे परिमाण म्हणजे खोलीच्या आतील भिंतींना ठरावीक जाडीचा सिमेंटचा गिलावा करण्यासाठी किती पोती सिमेंट आणि किती वाळू लागेल, याचा आगाऊ हिशेब होय. गिलाव्याला बोलीभाषेत प्लास्टर असेही म्हणतात. हा हिशेब चार गोष्टींवर ठरतो: गिलाव्याचे क्षेत्रफळ, थराची जाडी, सिमेंट व वाळू यांचे प्रमाण आणि वाळूची स्थिती. यांपैकी क्षेत्रफळ आणि प्रमाण आधीच निश्चित करता येते. प्रत्यक्ष जाडी मात्र भिंत किती ओळंब्यात आहे यावर अवलंबून असते आणि अंदाज चुकण्याचे प्रमुख कारण तेच असते.

या लेखात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे बांधल्या जाणाऱ्या विटांच्या घरातील एका सर्वसाधारण खोलीचे उदाहरण घेतले आहे.

## जाडी आणि प्रमाण

विटांच्या भिंतीची एक बाजू सपाट आणि दुसरी खडबडीत असते, कारण गवंडी एकाच बाजूने दोरी धरून विटा लावतो आणि विटांची लांबी-रुंदी सारखी नसते. म्हणून सपाट बाजूस १२ मि.मी. आणि खडबडीत बाजूस १५ मि.मी. जाडी धरण्याची पद्धत आहे. छताच्या काँक्रीटला खालून केला जाणारा गिलावा साधारण ६ मि.मी. असतो आणि त्याचा हिशेब वेगळा करतात. महाराष्ट्रात आतील गिलाव्यावर चुन्याच्या नीरूचा पातळ, गुळगुळीत थर देण्याची जुनी रीत आहे. आता त्याऐवजी अनेकदा पुट्टी वापरतात. नीरू किंवा पुट्टीचा थर वरील जाडीत धरला जात नाही.

आतील भिंतींसाठी एक भाग सिमेंट व चार भाग वाळू (१:४) किंवा एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू (१:६) ही प्रमाणे प्रचलित आहेत. ही प्रमाणे वजनाची नसून आकारमानाची असतात. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याचे आकारमान सुमारे ३५ लिटर, म्हणजे ०.०३५ घनमीटर असते. आतून ३५ × २५ × ४० सें.मी. मापाची लाकडी किंवा पत्र्याची पेटी बरोबर एवढीच भरते. एका पोत्याला अशा चार पेट्या वाळू घेतली की १:४ प्रमाण साधते. घमेल्याने मोजल्यास घमेले कधी सपाट तर कधी शिगोशीग भरले जाते आणि प्रमाण बदलते.

वाळू बाजारात ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर.

## सुके आणि ओले आकारमान

पाच पेट्या सुके मिश्रण कालवल्यावर पाच पेट्या मसाला तयार होत नाही. वाळूच्या कणांमधील पोकळीत सिमेंट शिरते आणि पाणी मिळाल्यावर कण एकमेकांजवळ सरकतात, त्यामुळे आकारमान घटते. ही घट भरून काढण्यासाठी ओल्या मसाल्याच्या आकारमानाला सुमारे १.३ ने गुणून सुक्या साहित्याचे आकारमान काढतात.

याखेरीज विटांच्या सांध्यांतील खाचा भरणे, पृष्ठभागाचा उंचसखलपणा आणि खाली सांडणारा मसाला यांसाठी सुमारे २० टक्के वाढ धरतात. ही वाढ आणि १.३ चा गुणक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी एक विसरली गेल्यास साहित्य कमी पडते.

## एका खोलीचे उदाहरण

खोलीची आतील लांबी ३.६ मीटर, रुंदी ३ मीटर आणि उंची ३ मीटर आहे, म्हणजेच ती ढोबळमानाने बारा बाय दहा फुटांची आहे. तिला ०.९ × २.१ मीटरचे एक दार आणि १.२ × १.२ मीटरची एक खिडकी आहे. गिलाव्याची जाडी सर्वत्र १२ मि.मी. धरली आहे.

चार भिंतींची एकूण लांबी १३.२ मीटर असल्याने त्यांचे क्षेत्रफळ ३९.६ चौ. मीटर होते. दाराचे १.८९ आणि खिडकीचे १.४४ चौ. मीटर वजा केल्यावर ३६.२७ चौ. मीटर उरतात. दार-खिडकीच्या आतल्या कडांनाही गिलावा होतो. त्यांची रुंदी १० सें.मी. धरल्यास सुमारे १ चौ. मीटर वाढतो. एकूण क्षेत्रफळ ३७.३ चौ. मीटर किंवा सुमारे ४०० चौ. फूट भरते.

```
ओला मसाला    = ३७.३ × ०.०१२ = ०.४४८ घनमीटर
२० टक्के वाढ  = ०.४४८ × १.२  = ०.५३७ घनमीटर
सुके साहित्य   = ०.५३७ × १.३  = ०.७० घनमीटर
```

१:४ प्रमाणात या ०.७० घनमीटरचे पाच भाग करतात. एक भाग, म्हणजे ०.१४ घनमीटर सिमेंट लागते. सिमेंटची सैल घनता दर घनमीटरला १४४० किलो धरल्यास त्याचे वजन सुमारे २०२ किलो भरते. उरलेले चार भाग वाळूचे असतात. १:६ प्रमाणात सात भाग करावे लागतात.

| प्रमाण | सिमेंट | वाळू |
|---|---|---|
| १:४ | सुमारे ४ पोती | ०.५६ घनमीटर (सुमारे २० घनफूट) |
| १:६ | सुमारे ३ पोती | ०.६० घनमीटर (सुमारे २१ घनफूट) |

प्रमाण बदलल्याने सिमेंटमध्ये मोठा फरक पडतो, पण वाळू जवळजवळ तेवढीच लागते. दोन्ही प्रमाणांत एका खोलीला साधारण पाव ब्रासहून कमी वाळू पुरते. १:४ प्रमाणात १२ मि.मी. जाडीच्या गिलाव्यासाठी एका पोत्यात सुमारे १०० चौ. फूट काम होते, हा या उदाहरणातून निघणारा आकडा इतर खोल्यांच्या पडताळणीसाठी उपयोगी पडतो.

मजुरीच्या देयकासाठी होणारे मोजमाप याहून वेगळे असू शकते. भारतीय मानकानुसार अर्ध्या चौ. मीटरपर्यंतच्या लहान उघडीपीची वजावट केली जात नाही आणि मध्यम आकाराच्या दार-खिडकीची वजावट, दोन्ही बाजूंस सारखा गिलावा असल्यास, एकाच बाजूस करतात. म्हणून देयकातील क्षेत्रफळावरून सिमेंटचा हिशेब केल्यास तो नेमका येत नाही.

## भिंत ओळंब्यात नसल्यास

गिलाव्याचा पृष्ठभाग उभ्या रेषेत आणावा लागतो. भिंत झुकलेली असेल तर तो फरक मसाल्यानेच भरून निघतो. वरील खोलीतील ३.६ मीटर लांबीची एक भिंत तीन मीटर उंचीत २० मि.मी. झुकली आहे असे समजले, तर तिच्यावर एका टोकाला १२ मि.मी. आणि दुसऱ्या टोकाला ३२ मि.मी. थर येईल. सरासरी जाडी २२ मि.मी. होईल. म्हणजे १०.८ चौ. मीटरवर १० मि.मी. जादा जाडी येते आणि ०.१०८ घनमीटर ओला मसाला वाढतो. सुक्या स्वरूपात तो ०.१४ घनमीटर होतो. १:४ प्रमाणात त्यासाठी सुमारे ४० किलो सिमेंट आणि ४ घनफूट वाळू लागते. एका भिंतीच्या झुकण्याने खोलीचा सिमेंटचा खर्च सुमारे एक पंचमांशाने वाढतो.

म्हणून साहित्य मागवण्यापूर्वी प्रत्येक भिंत ओळंबा आणि दोरीने तपासतात. भिंतीवर ठिकठिकाणी मसाल्याचे छोटे ठोकळे लावून ते एका पातळीत आणले जातात. सर्वांत पुढे आलेल्या ठिकाणी किमान जाडी राहील असे पाहतात आणि प्रत्येक ठोकळ्याची जाडी मोजून सरासरी काढतात. हिशेबात १२ मि.मी. ऐवजी ही सरासरी घातली की अंदाज प्रत्यक्षाच्या जवळ येतो. साधारण १५ मि.मी. पेक्षा जाड थर एकाच वेळी चढवत नाहीत, कारण ओला मसाला स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि सुकताना तडकतो. पहिला थर घट्ट झाल्यावर त्यावर खाचा पाडून दुसरा थर देतात.

## वाळूची स्थिती

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर, गंगापूर आणि पैठण तालुक्यांतून गोदावरी वाहते. गिलाव्यासाठी नदीची चाळलेली वाळू किंवा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट दगडापासून यंत्रावर तयार केलेली वाळू वापरली जाते. दगडी वाळूत बारीक भुकटी जास्त असेल तर मसाल्याला पाणी अधिक लागते आणि सुकताना पृष्ठभागावर जाळीसारख्या चिरा पडतात. नदीच्या वाळूत गाळ किंवा माती असल्यास मसाल्याची पकड कमी होते.

ओलसर वाळू फुगते. कणांवरील पाण्याच्या पातळ थरामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि आकारमान २५ टक्क्यांपर्यंत, बारीक वाळूत त्याहूनही अधिक वाढते. हे तपासण्यासाठी काचेच्या सरळ भांड्यात ओलसर वाळू २० सें.मी. उंचीपर्यंत भरतात, नंतर पूर्ण बुडेल इतके पाणी घालून ढवळतात आणि वाळू खाली बसू देतात. ती १६ सें.मी. वर स्थिरावली तर फुगवटा २५ टक्के आहे.

अशा वाळूच्या चार पेट्यांत प्रत्यक्षात ३.२ पेट्याच वाळू असते. १:४ म्हणून कालवलेला मसाला मग १:३.२ होतो आणि वरील खोलीला चारऐवजी जवळजवळ पाच पोती लागतात. सिमेंट जास्त असल्याने गिलावा अधिक चांगला होत नाही, उलट तो जास्त आकसतो व तडकतो. या वाळूच्या चारऐवजी पाच पेट्या घेतल्यास मूळ प्रमाण कायम राहते. पावसाळ्यात ही दुरुस्ती विशेष आवश्यक असते.

## दोष व त्यांची ओळख

खर्च झालेली पोती आणि हिशेबातील पोती यांची तुलना ही पहिली तपासणी होय. सिमेंट बरेच कमी खर्च झाले असेल तर थर पातळ आहे किंवा मसाल्यात वाळू अधिक आहे. गिलाव्यावर कोरडा हात घासल्यावर वाळू सुटत असल्यास मसाला अशक्त असतो किंवा त्याला पुरेसे पाणी मारलेले नसते. थापीच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास त्या जागी थर भिंतीपासून सुटलेला असतो. भिंत न भिजवता गिलावा केल्यास विटा मसाल्यातील पाणी शोषून घेतात आणि असा दोष निर्माण होतो.

पाणी घातलेला मसाला सुमारे अर्ध्या तासात वापरावा लागतो. घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी मिसळल्यास सिमेंटचे परिमाण बरोबर असूनही ताकद मिळत नाही. गिलावा किमान सात दिवस ओला ठेवतात. छत्रपती संभाजीनगरमध्ये मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि शहराच्या बऱ्याच भागांत नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे उन्हाळ्यातील कामात सिमेंट व वाळूसोबत साठवणीच्या पाण्याचाही आगाऊ हिशेब करावा लागतो.