लायगो-इंडिया (औंढा नागनाथ) : चित्रफितींतील रंग व मजकुराचा उठाव

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जात असलेल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची रेघ आलेखांत ज्या फिकट हिरव्या रंगाने दाखवतात, तो रंग आणि शैक्षणिक चित्रफितींत त्याच्या वापरातून निघणारे प्रश्न यांविषयीची ही नोंद. वेधशाळेच्या प्रत्येकी 4 किमी. लांबीच्या दोन भुजा असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. काही शोधनिबंधांत तिचा उल्लेख ‘लायगो-औंढा’ असाही येतो.

रंगसंकेत. या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या `gwpy` या पायथन संचात प्रत्येक वेधशाळेला ठरावीक रंग दिलेला आहे : हॅनफर्डला लाल, लिव्हिंग्स्टनला निळा, इटलीतील व्हर्गोला जांभळा, जपानमधील काग्राला नारिंगी-पिवळा. औंढ्याच्या वाट्याला आलेला रंग असा :

```
'I1': '#b0dd8b'
```

11 फेब्रुवारी 2016 रोजी पहिल्या गुरुत्वीय लहरीची घोषणा झाली, त्या शोधनिबंधातील मुख्य आकृतीतही हॅनफर्ड लाल आणि लिव्हिंग्स्टन निळा होता. लाल-निळ्याची ही जोडी रंगांध प्रेक्षकालाही सहसा वेगळी दिसते. अडचण तिसरी, चौथी, पाचवी रेघ आल्यावर सुरू होते.

फिकट हिरव्याचा गुण-दोष. वेबवरील मजकुरासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत दोन रंगांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढतात. साध्या मजकुराला किमान 4.5, तर मोठ्या अक्षरांना आणि आलेखातील रेघांना 3 लागते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर औंढ्याच्या हिरव्याचे गुणोत्तर जेमतेम 1.55 भरते, म्हणजे रेघ जवळजवळ पुसूनच जाते. यावर पहिला सुचणारा उपाय हिरवा गडद करण्याचा. `#4d7a2a` घेतला तर गुणोत्तर 5 च्या वर जाते आणि काम झाले असे वाटते. पण हॅनफर्डच्या लालाशी त्याचे गुणोत्तर 1.1 च्या आसपास येते. लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्याला लाल आणि गडद हिरवा दोन्ही तपकिरीकडे झुकलेले दिसतात; त्यांना वेगळे ठेवणारा उजळपणाचा फरक आपणच काढून घेतलेला असतो. मूळ फिकटपणा हाच या रंगाचा आधार आहे. लालाशी त्याचे गुणोत्तर 2.9 आहे.

म्हणून रेघ तशीच ठेवून पार्श्वभूमी बदलणे बरे. काळ्यावर हाच हिरवा 13.6 पर्यंत जातो. तरी एक दुखणे उरते : काग्राच्या नारिंगी-पिवळ्याशी हिरव्याचे गुणोत्तर 1.17 इतकेच असून लाल-हिरव्या रंगांधत्वात दोन्ही पिवळ्याच्या कुळात जातात. इथे रंगाच्या जोरावर निभावत नाही. एक रेघ तुटक काढावी, आणि कोपऱ्यातील सूची काढून ‘औंढा’ हे नाव रेघेच्या टोकाशीच लिहावे. सूचीतला रंग रेघेशी जुळवत बसावे लागणे, हाच रंगांध विद्यार्थ्याचा खरा त्रास असतो.

काळ्यावरचा शुद्ध लाल मात्र काहींना फारच काळवंडलेला दिसतो, कारण त्यांच्या डोळ्यांत लांब तरंगलांबीची शंकूपेशी काम करत नाही. ओकाबे आणि इटो या जपानी संशोधकांच्या रंगसंचात लालाऐवजी शेंदरी `#D55E00` आहे, तो यासाठीच. त्यात हिरव्याचा अंश असल्याने तो उजळ राहतो.

चित्रफितीत काय बिघडते. बहुतेक चित्रफितींत उजळपणाची माहिती पूर्ण बारकाईने साठवतात, पण रंगाची माहिती आडवी-उभी अर्धीच. त्यामुळे बारीक रंगीत रेघेचा रंग कडेला पसरतो. रेघ जाड हवी आणि नाव रेघेच्या रंगात न लिहिता पांढऱ्यात लिहावे.

दुसरे, वर्गातला उजेड. प्रोजेक्टरच्या पांढऱ्याच्या एक-पंचमांश इतका उजेड खिडकीतून पडद्यावर येतो असे धरले, तर काळ्यावरील पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर 21 वरून 6 वर येते, औंढ्याची हिरवी रेघ 4.1 वर आणि हॅनफर्डची लाल 1.9 वर. म्हणजे संगणकावर उत्तम दिसलेल्या चित्रफितीतून पहिली हरवते ती लाल रेघ. ज्या शाळेत खोली अंधारी करता येत नाही तिथे पांढऱ्या पार्श्वभूमीची वेगळी आवृत्तीच लागते. तीत हिरव्या रेघेला काळी कड द्यावी.

छटापट. 2016 च्या त्याच आकृतीत लहरीचा सापेक्ष आयाम निळ्याकडून पिवळ्याकडे उजळत जाणाऱ्या छटांत दाखवला होता. इंद्रधनुषी पट टाळावा. त्यात मधला पिवळा सर्वांत उजळ असल्याने खोटी शिखरे दिसतात. म्हणूनच `matplotlib` ने 2.0 आवृत्तीपासून `viridis` हा पट मूळ ठेवला आहे.

देवनागरी मजकूर. उठाव कमी पडला की अनुस्वार आणि रफार सर्वांत आधी नाहीसे होतात. ठळक वळण घ्यावे.

पडताळणी. मूळ प्रकल्पातील चित्र न तपासता अंतिम फाइलमधील एक चौकट उचलून ती रंगांधत्वाची नक्कल करणाऱ्या गाळणीतून पाहावी. मग तीच चौकट मोबाइलवर, उन्हात.