एक्स्टेन्शनदोषाचा अर्धविभाजनाने शोध

ब्राउझरमध्ये बसवलेल्या अनेक एक्स्टेन्शनांपैकी नेमके कोणते एखादे संकेतस्थळ बिघडवते, हे ठरवण्याची पद्धत. तिचे दोन भाग आहेत. आधी कोऱ्या प्रोफाइलशी तुलना करून दोष आपल्या ब्राउझरमध्ये आहे की संकेतस्थळातच आहे, हे पाहायचे. मग एक्स्टेन्शनांचे दोन गट करून निम्मी चालू, निम्मी बंद ठेवत संशयितांची संख्या दर फेरीत अर्ध्यावर आणायची. एकेक बंद करत गेल्यास सोळा एक्स्टेन्शनांसाठी पंधरा चाचण्या लागू शकतात. अर्धविभाजनात चार पुरतात.

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी `about:profiles` लिहून नवे प्रोफाइल तयार करता येते व ते वेगळ्या खिडकीत उघडता येते. लिनक्सवर क्रोमसाठी रिकामे फोल्डर देऊन हेच साधते:

```
google-chrome --user-data-dir=/tmp/kore
```

कोऱ्या प्रोफाइलमध्ये सिंक खात्याने प्रवेश करू नये. केल्यास जुनी एक्स्टेन्शने आपोआप येऊन बसतात आणि तुलना वाया जाते. तिथेही पान बिघडलेलेच दिसले, तर एक्स्टेन्शनांचा शोध तिथेच थांबवून संकेतस्थळ, नेटवर्क किंवा ब्राउझरची आवृत्ती यांकडे वळावे.

कोऱ्या प्रोफाइलमध्ये पान नीट चालले म्हणजे दोष एक्स्टेन्शनचाच, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो आणि तो चुकीचा आहे. कोऱ्या प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शने नसतात, तशा जुन्या कुकीज, साठवलेल्या फाइली, संकेतस्थळाला दिलेल्या परवानग्या आणि बदललेल्या सेटिंग्जही नसतात. म्हणून विभाजनाआधी आणखी एक चाचणी अपरिहार्य ठरते: नेहमीच्याच प्रोफाइलमध्ये सगळी एक्स्टेन्शने बंद करून पान पुन्हा उघडायचे. बिघाड तरीही राहिला, तर तो कुकीज किंवा सेटिंग्जमध्ये शोधावा. फायरफॉक्सचा Troubleshoot Mode या चाचणीला सोयीचा वाटतो, पण तो एक्स्टेन्शनांबरोबर हार्डवेअर प्रवेगही बंद करतो. एकच गोष्ट बदलायची असेल तर `about:addons` मध्ये जाऊन हाताने बंद करणेच खात्रीचे. बंद करावे, काढून टाकू नये. काढल्यास त्या एक्स्टेन्शनची स्वतःची सेटिंग्ज जातात.

उदाहरणार्थ, एका बिलभरणा पानावर ‘पुढे जा’ बटण दाबून काहीच होत नाही, आणि वापरणाऱ्याकडे बारा एक्स्टेन्शने आहेत. सगळी बंद केल्यावर बटण चालते. मग १ ते ६ चालू केली, पान चालले. संशय ७ ते १२ वर आला. फक्त ७ ते ९ चालू केली, बटण अडले. फक्त ७ चालू, चालले. फक्त ८ चालू, चालले. उरले ९, ते जाहिराती व माग काढणाऱ्या विनंत्या रोखणारे. इथेही थांबता येत नाही. फक्त ९ चालू ठेवून बटण अडते आणि ९ सोडून बाकी सगळी चालू ठेवून ते चालते, असे दोन्ही बाजूंनी दिसले की निदान पक्के होते. प्रत्येक बदलानंतर पान पुन्हा लोड करावे लागते, कारण एक्स्टेन्शनने पानात आधीच घातलेली स्क्रिप्ट नुसत्या बंद करण्याने निघून जाईलच असे नाही.

दोष अधूनमधून दिसणारा असेल तर एका यशस्वी चाचणीवर अर्धा गट निर्दोष ठरवू नये. तीच जोडणी काही वेळा तपासावी. दोन्ही अर्धे गट स्वतंत्रपणे बिघाड दाखवत असतील तर दोषी एकाहून अधिक आहेत, आणि प्रत्येक गटात वेगळा शोध घ्यावा लागतो. याहून अवघड स्थिती म्हणजे १ ते ६ एकटी चालतात, ७ ते १२ एकटी चालतात, पण सगळी मिळून पान मोडते. दोन एक्स्टेन्शने एकाच बटणावर किंवा एकाच विनंतीवर हात टाकतात तेव्हा असे घडते. अशा वेळी एक गट पूर्ण चालू ठेवून दुसरा अर्धा अर्धा करायचा, त्यातला दोषी सापडला की त्याला चालू ठेवून पहिला गट विभागायचा. जर्मन संगणकशास्त्रज्ञ आंद्रेआस त्सेलर यांनी १९९९ साली मांडलेल्या ‘डेल्टा डिबगिंग’ पद्धतीत अशा एकत्रित कारणांचाही विचार आहे.

दोषी सापडल्यावर तो नेमका काय करतो, हे विकासकांच्या साधनांत पाहता येते. क्रोमच्या Console मध्ये `ERR_BLOCKED_BY_CLIENT` दिसल्यास विनंती बहुधा एक्स्टेन्शनने अडवलेली असते. त्रुटीच्या संदेशातील फाइलचा पत्ता `chrome-extension://` ने किंवा फायरफॉक्समध्ये `moz-extension://` ने सुरू होत असल्यास त्रुटी एक्स्टेन्शनच्या स्क्रिप्टमधली असते. वरील उदाहरणातील रोधक पूर्ण काढण्याची गरज नसते. त्याच्या गाळणी-याद्याही याच पद्धतीने निम्म्या निम्म्या बंद करून दोषी यादीपर्यंत पोहोचता येते, आणि तेवढ्या एका संकेतस्थळासाठी अपवाद नोंदवता येतो. कार्यालयाच्या प्रशासकाने लादलेले एक्स्टेन्शन मात्र वापरणाऱ्याला बंद करता येत नाही. ते प्रत्येक चाचणीत चालूच राहते. ते धोरण केवळ एका प्रोफाइलपुरते नसून सबंध यंत्राला लागू असेल, तर ते कोऱ्या प्रोफाइलमध्येही शिरते आणि दोष संकेतस्थळाचा असल्याचा भास होतो. त्यासाठी तुलना दुसऱ्या, अव्यवस्थापित यंत्रावर करावी लागते.