न्यायिक विभक्तता व घटस्फोट
हिंदू विवाह अधिनियम, 1955 नुसार न्यायिक विभक्ततेत (कलम 10) एकत्र राहण्याचे बंधन सुटते. विवाह मात्र टिकतो, त्यामुळे दुसरे लग्न करता येत नाही. घटस्फोटाने (कलम 13) विवाहच संपतो. जोडीदार सबळ कारणाविना वेगळा राहत असल्यास कलम 9 खाली वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे नांदण्याचा, दावा करतात. मुंबईत 1884 मध्ये दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाईंवर असाच दावा लावला. नांदायला न गेल्यास सहा महिने कैद, असा हुकूम 1887 मध्ये झाला. 1888 मध्ये तडजोड झाली. आज हुकूम न पाळल्यास कैद होत नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. विभक्ततेच्या किंवा नांदण्याच्या हुकुमानंतर वर्षभर सहवास झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो.